‘नांदायला ये’ अशी नोटीस आली आहे; आता घटस्फोट मिळेल का?

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत, लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा मारायचा. वीस महिन्यांपूर्वी त्याने मला घराबाहेर काढलं, तेव्हापासून माहेरी आहे. पोलिसांत तक्रार केलेली नाही. मला घटस्फोट हवाय, तो तयार नाही आणि आता वकिलामार्फत ‘नांदायला ये’ अशी नोटीस आली आहे. काय करू?

उत्तर : आधी नोटिशीचं. गप्प बसू नका. तुम्ही विनाकारण घर सोडलंत असं म्हणत तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा लावू शकतो, आणि तिथे घर सोडायला वाजवी कारण होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. ‘छळ केला’ एवढं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला काय झालं, कोणासमोर झालं, हे लिहा. पुढे उलटतपासणीत याच उत्तराशी तुमचा जबाब ताडला जाईल, म्हणून आठवत नसलेली तारीख ठोकून देऊ नका. ‘दिवाळीच्या सुमारास’ चालतं.

आता घटस्फोटाचं. जोडीदाराला सोडून देणं म्हणजे त्याग. या कारणावरून घटस्फोट हवा असेल तर अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं पूर्ण लागतात. तुमची चार महिने कमी आहेत आणि अर्ज लावल्यावर उलटलेला काळ त्यात धरत नाहीत. उंबरठा तुम्ही ओलांडलात म्हणून त्याग तुमचा ठरत नाही. ज्याच्या वागण्याने घर सोडावं लागलं, त्याचा तो ठरू शकतो. पण नुसतं वेगळं राहणं पुरत नाही, संसार कायमचा मोडण्याचा त्याचा हेतूही सिद्ध करावा लागतो. त्याचं बोलावणं मनापासूनचं आहे असं न्यायालयाला वाटलं, तर हाच मुद्दा ढासळतो.

म्हणून मुख्य भर क्रूरतेवर ठेवा. तिला मुदतीची अट नाही, त्यामुळे अर्ज आजही लावता येतो. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावाही लागत नाही. कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे, हे पाहिलं जातं. पोलीस तक्रार नसणं अडचणीचं असलं तरी घातक नाही. मारहाणीनंतर दवाखान्यात गेला असाल तर केसपेपर शोधा. त्यावर ‘पडल्याने’ असं लिहिलं असेल, तर तसं का सांगितलंत याचा खुलासा अर्जातच करा. बहीण किंवा आई ‘मुलीने सांगितलं’ म्हणते, त्यापेक्षा ‘रात्री दारात आली, ओठ फुटला होता’ हे वजनदार, कारण ते तिने स्वतः पाहिलेलं असतं. नातलग आहे एवढ्यावरून साक्ष बाद होत नाही.

‘परत येऊ नकोस’ अशा अर्थाचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर ते क्रूरता आणि हेतू दोन्हींसाठी उपयोगी. नुसत्या स्क्रीनशॉटवर हरकत येते. मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

समोरचा वकील विचारेल, मारहाणीनंतरही एकत्र राहिलात, म्हणजे माफ केलंत ना? त्याने पुन्हा हात उचलला असेल तर माफ झालेली जुनी घटनाही नव्याने विचारात घेतली जाते. त्यामुळे घर सोडण्याआधीची शेवटची घटना अर्जात सर्वांत तपशिलाने मांडा.