स्वाइप बॉट लावण्यात चूक काय?

प्रश्न: अंधेरीत नोकरी, लोकलमध्ये दिवस जातो. डेटिंग ॲपवर बॉट लावून सगळ्यांना राइट स्वाइप केलं तर बिघडलं कुठे?

उत्तर: राइट स्वाइप आला की समोरची समजते, याने माझं प्रोफाइल वाचलं आणि मी आवडले. बॉटने काहीच वाचलेलं नसतं. समजा, डोंबिवलीच्या एकीने ‘फक्त लग्नाच्या विचाराने’ असं स्वच्छ लिहिलंय. तुम्हाला ते मॅच झाल्यावर दिसतं आणि तुम्ही अनमॅच करता. आपलं काय चुकलं, हा विचार मात्र ती करत बसते. बॉट ‘हाय, कशी आहेस?’ असा मेसेजही पाठवत असेल तर ती सरळ फसवणूकच, कारण समोरची बॉटलाच माणूस समजून मनातलं लिहिते.

माझ्या मते फोटो निवडायला, बायो नीट करायला हवी ती मदत घ्या; पसंती आणि बोलणं तुमचंच हवं. टिंडरच्या अटींतही बॉटला मनाई आहे, खातं बंद होऊ शकतं.

कंपन्यांनाही हीच मर्यादा लागू व्हायला हवी. २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने टिंडरची मालक असलेल्या मॅच ग्रुपवर दावा केला. कंपनीलाच बनावट असल्याचा संशय असलेल्या खात्यांचे मेसेज दाखवून लोकांना पैसे भरायला लावलं, असा आरोप होता.