राज्याचा नकाशा बदलायचा अधिकार कुणाचा? संघात्मक आणि एकात्म वैशिष्ट्यांवर विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रश्न : पुस्तकात संघात्मक लक्षणांची एक यादी आहे आणि एकात्म लक्षणांची दुसरी. दोन्ही पाठ आहेत, पण एखादं नवीन कलम समोर आलं की ते कुठल्या यादीत टाकायचं हे कळत नाही. काही कसोटी आहे का?

आहे. कलम वाचून झालं की विचारायचं, ही व्यवस्था केंद्राला एकट्याच्या बळावर बदलता येते का? येत असेल, तर त्या मुद्द्यापुरतं संविधान एकात्म आहे. राज्यांच्या संमतीशिवाय येत नसेल, तर संघात्मक. राज्यांकडे किती अधिकार आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.

उत्तर आयर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे १९२१ पासून स्वतःची संसद होती, पंतप्रधान होता, जवळपास पन्नास वर्षं ती कायदे करत होती. वरवर पाहिलं तर एखाद्या घटकराज्याला शोभेल असा सगळा थाट. मार्च १९७२ मध्ये लंडनच्या संसदेने तिचं काम थांबवलं आणि पुढच्या वर्षी ती बरखास्तच केली. दोन्ही गोष्टी साध्या कायद्याने झाल्या. उलट अमेरिकेतल्या वायोमिंगची लोकसंख्या अवघी सहा लाखांच्या आसपास, तरी सिनेटमधल्या त्याच्या दोन जागा त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय कमी करता येत नाहीत. अमेरिकी संविधानाच्या पाचव्या कलमातच तसं लिहिलं आहे.

ही कसोटी एकेका तरतुदीला लावायची, अख्ख्या देशाला नाही. देशाला एकच शिक्का मारायची घाई झाली की उत्तराचा घोटाळा होतो.

प्रश्न : अमेरिका म्हणजे अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ आणि भारत म्हणजे विनाशी राज्यांचा अविनाशी संघ, असं सरांनी लिहून दिलं. पण संसद खरोखर राज्याच्या मनाविरुद्ध त्याचे तुकडे करू शकते का?

करू शकते, आणि केलेही आहेत. पहिलं वाक्य मूळ अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचं, १८६९ च्या टेक्सास विरुद्ध व्हाइट या निकालातलं. आपल्याकडचं वाक्य त्याचीच फिरवलेली आवृत्ती. त्यामागचं कलम मात्र नीट वाचायला हवं.

कलम ३ नुसार संसद नवं राज्य निर्माण करू शकते, सीमा बदलू शकते, नावही बदलू शकते. अटी दोन. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही. आणि राज्याचं क्षेत्र, सीमा किंवा नाव यांना धक्का लागणार असेल, तर राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागवायला पाठवायचं, मुदत घालून. मुदतीत मत आलं नाही तरी काम अडत नाही. आलं आणि ते विरोधी असलं, तरीही अडत नाही. शिवाय कलम ४ सांगतं की असा कायदा ३६८ व्या कलमाखालची घटनादुरुस्ती मानायचा नाही. म्हणजे साधं बहुमत पुरतं.

ही तरतूद किती लांबवर जाते, ते १९५६ च्या मुंबई राज्यात दिसतं. राज्य पुनर्रचना विधेयक मांडलं गेलं तेव्हा त्यात तीन वेगळे घटक होते : महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. विधिमंडळाकडे मतासाठी गेला तो हाच आराखडा. पुढे संसदेत तो बदलला आणि त्याजागी एकच मोठं द्वैभाषिक राज्य आलं. म्हणजे विधिमंडळाने मत दिलं एका प्रस्तावावर आणि कायदा झाला दुसऱ्याच प्रस्तावाचा. बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात नेमका हाच आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो फेटाळला. विधेयक एकदा मतासाठी पाठवलं की अट पूर्ण झाली. विषयाला धरून संसदेने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीसाठी ते पुन्हा पाठवायची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. १ मे १९६० ला हे द्वैभाषिक राज्य विभागलं गेलं तेही संसदेच्या साध्या कायद्यानेच. त्यामागे चळवळीचं केवढं बळ होतं ते तुम्हाला सांगायला नको, पण कायद्याच्या कागदावर त्या बळाला कलम नाही.

२०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने पुनर्रचना विधेयक ३० जानेवारीला आवाजी मतदानाने फेटाळलं. लोकसभेने ते १८ फेब्रुवारीला मंजूर केलं, २० तारखेला राज्यसभेने. २ जूनला तेलंगण अस्तित्वात आलं.

आता हेच अमेरिकेत ठेवून बघा. तिथे एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवं राज्य काढायचं, तर काँग्रेसबरोबर त्या राज्याच्या विधिमंडळाचीही संमती लागते. १८६१ मध्ये व्हर्जिनिया संघातून फुटून निघालं. त्याच्या पश्चिम भागातल्या लोकांना संघात राहायचं होतं, म्हणजेच मूळ राज्यापासून वेगळं व्हायचं होतं. यादवी चालू होती, वॉशिंग्टन फुटीर राज्याशी लढत होतं. तरीही थेट कायदा करून वेस्ट व्हर्जिनिया कापून काढायला कुणी धजावलं नाही. आधी व्हीलिंग गावी संघनिष्ठ मंडळींनी ‘व्हर्जिनियाचं सरकार’ उभं केलं, त्याच्या विधिमंडळाने मे १८६२ मध्ये संमती दिली, मग काँग्रेसने मान्यता दिली, आणि २० जून १८६३ ला नवं राज्य संघात आलं. ही संमती ओढूनताणून मिळवलेली होती, यात शंका नाही. पण ती मिळवल्याचं दाखवावं लागलं. लढाईच्या धामधुमीतही ज्या अटीला वळसा घालता येत नाही, ती खरी संघात्मक अट.

प्रश्न : मग जो देश राज्यच पुसू शकतो, त्याला संघराज्य म्हणायचंच कशाला?

कारण त्याच संविधानाने दुसरं एक दार घट्ट लावलेलं आहे. संसद साध्या बहुमताने राज्याचे दोन तुकडे करू शकते, पण सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीतला एक विषय कायमचा आपल्याकडे ओढायचा, तर ते बहुमत पुरत नाही. ३६८ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत हवं, आणि वर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचं अनुमोदन. १९७६ मध्ये शिक्षण आणि वने हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले, तेही आणीबाणी असून याच वाटेने. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात असताना ते अनुमोदन कितपत मोकळेपणाने दिलं गेलं असेल, हा वेगळा विषय. पण वाट चुकवता आली नाही.

अलीकडचं स्वच्छ उदाहरण वस्तू व सेवा कराचं. १०१ वी घटनादुरुस्ती ऑगस्ट २०१६ मध्ये संसदेत मंजूर झाली, तरी लगेच लागू झाली नाही. तेव्हा राज्यं २९ होती, म्हणजे किमान १५ विधिमंडळांचं अनुमोदन आवश्यक. आसामने पहिलं दिलं, पुरेशी राज्यं झाल्यावर ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती झाली.

त्यातून निर्माण झालेल्या परिषदेचं गणित एकदा वहीत मांडून बघा. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश वजन लागतं. सगळी राज्यं एक झाली तरी त्यांचं वजन ६६.७ टक्के, म्हणजे केंद्राशिवाय निर्णय नाही. केंद्राचे ३३.३ टक्के धरले तर उरलेले ४१.७ राज्यांकडूनच यायला हवेत, म्हणजे हजर राज्यांपैकी साधारण ६३ टक्के. इथे केंद्राकडे नकाराधिकार आहे, पण एकट्याने होकार द्यायची ताकद नाही. हे एका शब्दात ‘संघात्मक’ किंवा ‘एकात्म’ म्हणून उरकता येत नाही, आणि उत्तरपत्रिकेत उरकूही नये. त्यात भर म्हणजे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असं सांगितलं.

थोडक्यात, भारताच्या संविधानात राज्यांच्या अधिकारांना संरक्षण आहे, एखाद्या विशिष्ट राज्याच्या अस्तित्वाला नाही. जर्मनीत या दोन गोष्टी आणखी वेगळ्या गुंफल्या आहेत. तिथे संघाची विभागणी राज्यांमध्ये असलीच पाहिजे, हे घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाही. अमुक राज्य कायम राहीलच अशी हमी मात्र नाही. पण दोन राज्यं जोडायची तर लोकांना विचारावं लागतं. १९९६ मध्ये बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग यांचं विलीनीकरण ब्रांडेनबुर्गच्या मतदारांनी नाकारलं आणि ते तिथेच संपलं.

प्रश्न : स्कॉटलंडला आता स्वतःची संसद आहे. मग ब्रिटन संघराज्य झालं असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार, पण परीक्षकाला तुमचा गोंधळ समजेल. २०१६ च्या कायद्यात लिहिलं आहे की स्कॉटिश संसद ही ब्रिटनच्या व्यवस्थेचा कायमचा भाग आहे आणि स्कॉटलंडच्या जनतेच्या सार्वमताशिवाय ती बरखास्त होणार नाही. पण लिहिणारी लंडनची संसद, आणि उद्या ते कलम रद्द करायचं तर रद्द करणारीही तीच. स्कॉटलंडच्या अखत्यारीतल्या विषयांवर तिच्या संमतीशिवाय ‘सहसा’ कायदा करायचा नाही, हेही लिहिलं आहे. मात्र ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट केलं की हा राजकीय संकेत आहे, न्यायालय तो अंमलात आणणार नाही. राजकीय किंमत प्रचंड, कायदेशीर अडथळा शून्य. ‘अधिकार बहाल केलेलं एकात्म राज्य’ असं लिहा.

प्रश्न : एकच नागरिकत्व, राज्यपालाची केंद्राकडून नेमणूक, शेषाधिकार केंद्राकडे, ही सगळी एकात्म लक्षणं म्हणून लिहायची ना?

लिहा, पण दोन ओळींत, आणि ‘म्हणून भारत एकात्म’ असा निष्कर्ष त्यावर उभा करू नका. ऑस्ट्रेलियात नागरिकत्व एकच आहे. कॅनडात शेषाधिकार केंद्राकडे आहेत आणि प्रांतांचे उपराज्यपालही केंद्राकडूनच नेमले जातात. या दोन्ही देशांना संघराज्य म्हणायला कुणी कचरत नाही. या लक्षणांवरून केंद्र किती बलवान आहे ते कळतं, इतकंच.

वाचलेली जागा आणीबाणीला द्या. ३५२ व्या कलमाखालची घोषणा लागू असेपर्यंत संसद राज्यसूचीतल्या कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, सूचीत दुरुस्ती न करता, राज्यांना न विचारता. त्या काळापुरतं ते लावलेलं दारही उघडतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना हेच सांगितलं होतं : हे संविधान काळ आणि परिस्थिती यांच्या गरजेनुसार एकात्मही होऊ शकतं आणि संघात्मकही. ‘अर्धसंघराज्य’ हे व्हीअर यांचं विशेषण सगळेच लिहितात. त्याऐवजी कलम २५० चा हा दाखला, आणि घोषणा संपल्यावर असे कायदे सहा महिन्यांनी निष्प्रभ होतात ही मर्यादा, दोन्ही लिहिलीत तर उत्तर जास्त ठोस होईल.