पाठवण्याआधी मोठ्याने वाचा, पण वाचणाऱ्याच्या कानांनी

नवशिके मेलचा मसुदा मोठ्याने वाचतात खरा, पण आपल्याच गोड आवाजात. मग खोट सापडणार कशी? मुद्दाम सपाट, थोड्या वैतागलेल्या सुरात वाचा. वाचणारा दमलेला असेल, तर त्याला तसंच ऐकू येणार.

उदाहरणार्थ, ‘मी आधीच कळवलं होतं की फाईल सोमवारी हवी.’ वाचताना जोर आपोआप ‘आधीच’वर पडतो आणि वाक्य टोमणा होतं. तो शब्द काढून भागत नाही, कारण ‘कळवलं होतं’मध्येही ठपका उरतोच. त्यापेक्षा ‘फाईल अजून मिळाली नाही. आज सहापर्यंत आली तर उद्या छपाईला देता येईल’ असं लिहा.

वर ‘कृपया’ चिकटवू नका. ‘कृपया नोंद घ्यावी’ तर नोटिशीसारखंच वाटतं. ‘च’ आणि ‘तरी’ मात्र आवर्जून तपासा.