पंप बदलण्याआधी सक्शन पाइप बघा

प्रश्न: डिझेल गाडी, १ लाख ४० हजार किमी झाली. सकाळी गाडी चालू केली की घूंऽऽ असा आवाज येतो, रेस दिली की वाढतो. पार्किंग करताना स्टिअरिंग जड, जरा रेस दिली की हलकं होतं. खाली ऑइल गळत नाही. मेकॅनिक पॉवर स्टिअरिंगचा पंप बदला म्हणतोय. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. आधी स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू असताना ऑइल बघा. ते दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर पंपात हवा जातेय.

बेल्टवर फिरणारा पंप टाकीतून ऑइल ओढतो आणि दाबाने रॅककडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याकडे पाठवतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की पिनियनवरचा व्हॉल्व्ह ते ऑइल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला सोडतो आणि चाकं ढकलायला मदत होते. ऑइलमध्ये हवा असली की ती पंपात दाबली जाऊन आवाज करते, आणि दाब धड तयार होत नाही. म्हणून एकाच कारणाने घुरघूरही येते आणि स्टिअरिंगही जड होतं.

गळती दिसत नाही यात नवल नाही. टाकी ते पंप या सक्शन पाइपात इंजिन चालू असताना ओढ असते. रबर कडक झालं किंवा क्लॅम्प ढिला पडला की ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. पाइपाची दोन्ही टोकं पुसा, आयडलवर जोडावर तेच स्टिअरिंग ऑइल थोडं सोडा. आवाज क्षणभर बदलला तर चोर सापडला. पाइप आणि क्लॅम्प दोन्ही बदला. टाकीच्या तळाची जाळीही बघा. ती गाळाने भरली तर हवा न शिरताही असाच आवाज येतो, आणि थंड, घट्ट ऑइलमुळे सकाळी जास्त.

नंतर हवा काढा. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत १०-१५ वेळा सावकाश फिरवा, लेव्हल भरत राहा. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच करा, पण टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल झपाट्याने तापतं. ऑइल झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात.

फेस नसेल तर गोष्ट वेगळी. टोकाला वळवताना बारीक किंचाळी आली तर बेल्ट घसरतोय, त्याचा ताण तपासा. चाकं जॅकवर असूनही स्टिअरिंग अडकत असेल तर कॉलमचा जॉइंट किंवा बॉल जॉइंट बघा. तिथे हायड्रॉलिक्सचा दोष नाही. एकाच बाजूला जड असेल तर संशय रॅकवर.

एवढं करूनही आयडलला जड राहिलं, तर पंप आणि रॅक यांच्यामध्ये प्रेशर गेज लावायला सांगा. गेजचा व्हॉल्व्ह फार तर ५ सेकंद बंद केल्यावर मॅन्युअलमधला दाब आला नाही तर पंप गेला. दाब आला, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग टोकाला नेल्यावर येत नसेल, तर रॅकचे आतले सील गेलेत आणि नवा पंप लावूनही काही फरक पडणार नाही.