राजवाड्यातलं चित्र चाळीतल्या भिंतीवर

प्रश्न: लाकडी ठसे आणि शिळाछापामुळे चित्रं सामान्य माणसाला विकत घेता येऊ लागली, ती कशी?

उत्तर: लाकडी ठशात रेघ तेवढी ठेवून बाजूचं लाकूड कोरून काढतात. एकाच ठशावरून शेकडो प्रती निघत, म्हणून एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बटतला भागात देवादिकांची अशी चित्रं स्वस्तात विकली जात. पण ठसा मुख्यतः रेघ देतो. गालावरची सावली, रेशमाची चमक त्यात आणणं फार कठीण. रंग बहुधा हातानं भरावे लागत.

शिळाछापात कोरायचं काही नसतं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढतात. दगड ओला केला की तेलकट शाई चित्रालाच धरते, ओल्या भागावर बसत नाही. खडूची नाजूक छटाही कागदावर उतरते. रंगीत चित्राला मात्र प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागतो आणि तोच कागद प्रत्येक दगडावर अचूक जुळवावा लागतो. जरा सरकला तर ओठांचा लाल रंग रेघेबाहेर येतो. जुन्या तसबिरींत हे अजून दिसतं.

पुण्यात १८७८ साली चित्रशाळा हा अशी चित्रं छापणारा छापखाना सुरू झाला, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. संस्थानिकांसाठी ते तैलचित्रं रंगवत. आता त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांतही पोचल्या. माझ्या मते सर्वांत मोठा बदल पूजेत झाला: ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांनाही देवाची तसबीर घरात लावता आली.