‘लास्ट’ दिसलं की पास्ट? थांबा जरा

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, फिल इन द ब्लँक्समध्ये प्रेझेंट परफेक्ट टाकायचा की सिंपल पास्ट, आणि टाइमचे शब्द बघून ते ठरवायचं कसं. दहावीच्या मुलांपासून स्पर्धा परीक्षावाल्यांपर्यंत सगळे तिथंच अडकलेत, म्हणून एकत्रच घेतो.

सर, मुलानं ‘आय हॅव गिव्हन हिम द मनी यस्टरडे’ लिहिलं तर बाईंनी काट मारली. आपण मराठीत ‘काल पैसे दिलेत’ म्हणतोच की, मग चुकलं काय? (एक पालक, मिरज)

ताई, चूक तिथूनच येते बघा. मराठीत ‘मी त्याला काल पैसे दिले आहेत’ हे एकदम सरळ वाक्य आहे, काल आणि आहे शेजारी बसले तरी कुणाला खटकत नाही. इंग्लिशमध्ये मात्र हॅव किंवा हॅज आलं की वाक्य आत्ताशी बांधलं जातं, आणि जो वेळ संपलाय त्याचं नाव त्याच वाक्यात घेता येत नाही. यस्टरडे, टू डेज अगो, लास्ट मंडे, इन 1952, ॲट नाइन ओ’क्लॉक, व्हेन आय वॉज इन स्कूल, हे सगळे संपलेल्या वेळेचे पत्ते. यातला एक जरी वाक्यात असला तर सिंपल पास्टच.

मुलाचं वाक्य दोन प्रकारे दुरुस्त होतं. एक तर ‘आय गेव्ह हिम द मनी यस्टरडे’, नाहीतर यस्टरडे काढून टाकून ‘आय हॅव गिव्हन हिम द मनी’. दोन्ही बरोबर, पण काम वेगळं. दुसऱ्याचा अर्थ पैसे पोचलेत, आता मागू नका. समोरच्यानं ‘कधी दिले’ विचारलं की उत्तर मात्र पहिल्यासारखं द्यायचं. म्हणूनच व्हेननं सुरू होणाऱ्या अशा प्रश्नात ‘व्हेन डिड यू गिव्ह’ येतं, ‘व्हेन हॅव यू गिव्हन’ नाही.

मुलाला हे जोडीनं दाखवा. पश्चिम घाट 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आणि आपलं कास पठार त्यातच येतं. ‘द वेस्टर्न घाट्स बिकेम अ वर्ल्ड हेरिटेज साइट इन 2012’, इथं पास्ट. ‘कास हॅज बीन ऑन द लिस्ट सिन्स 2012’, इथं परफेक्ट. साल तेच आहे, इनच्या जागी सिन्स आला आणि क्रियापद बदललं. मुलं नुसता आकडा बघतात आणि आकड्याच्या आधीचा छोटा शब्द गिळून टाकतात.

‘लास्ट’ आलं की सिंपल पास्ट असं क्लासमध्ये पाठ करून घेतलंय. टेस्टमध्ये ‘द प्राइस ___ (फॉल) इन द लास्ट मंथ’ ला ‘फेल’ लिहिलं आणि मार्क गेला. आन्सर की चुकली असेल का? (तासगाव, स्पर्धा परीक्षेची तयारी)

की बरोबर आहे रे, पाठांतर अर्धवट आहे. ‘लास्ट मंथ’ म्हणजे कॅलेंडरवरचा मागचा महिना, तो एक तारखेला सुरू झाला आणि संपला, दार बंद. ‘इन द लास्ट मंथ’ म्हणजे आजपासून मागं मोजलेले तीसेक दिवस, त्याचं एक टोक आजच्या दिवसाला चिकटलेलं आहे. म्हणून ‘द प्राइस ऑफ ग्रेप्स फेल लास्ट मंथ’ पण ‘द प्राइस ऑफ ग्रेप्स हॅज फॉलन इन द लास्ट मंथ’. ओळखायची खूण सोपी आहे, लास्टच्या आधी ‘द’ आहे का आणि त्याच्याही आधी इन, फॉर किंवा ओव्हर आहे का ते बघ. फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स, ओव्हर द लास्ट फ्यू डेज, या सगळ्यांचं टोक साधारणपणे आजला येऊन लागतं. लास्टच्या जागी ‘पास्ट’ आला, म्हणजे ‘इन द पास्ट फ्यू डेज’, तरी तेच. त्यात पास्ट हा शब्द बघून घाबरून सिंपल पास्ट टाकणारी पोरं दर बॅचला भेटतात मला.

‘द लास्ट टाइम’ हे मात्र या कुटुंबातलं नाही, तिथं पुढं संपलेला प्रसंग येतो. ‘द लास्ट टाइम आय वेंट टू अजिंक्यतारा, इट रेन्ड.’ आणि फर्स्ट टाइमचा खेळ अजून वेगळा. ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव ईटन भडंग’, इथं सुरुवातीला ‘इज’ आहे म्हणून परफेक्ट. ‘द फर्स्ट टाइम आय एट भडंग, आय ड्रँक अ होल बॉटल ऑफ वॉटर’, हा झालेला किस्सा आहे म्हणून पास्ट.

‘टुडे’ आणि ‘धिस मॉर्निंग’ ला काय लिहायचं? प्रत्येक गाइडमध्ये वेगळं असतं. (नववीची विद्यार्थिनी, सातारा)

कारण हे शब्द एकटे काहीच ठरवत नाहीत गं, बोलणारा कधी बोलतोय ते ठरवतं. सकाळी दहाला ‘आय हॅव ड्रंक टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’, अजून तिसरा होऊ शकतो. दुपारी चारला तेच सांगताना ‘आय ड्रँक टू कप्स धिस मॉर्निंग’, सकाळ गेली. टुडे दिवसभर उघडा असतो म्हणून बहुतेक वेळा परफेक्ट चालतो, पण त्याच्या शेजारी नेमकी वेळ आली, ‘टुडे ॲट लंच’ असं काही, की पास्ट. पेपरात सहसा कुठंतरी इशारा ठेवलेला असतो, ‘इट इज नाऊ 5 पी. एम.’ वगैरे, तो आधी शोध. इशारा नसेल तर टुडेला परफेक्ट लिही.

‘फॉर’ आणि ‘सिन्स’ म्हणजे परफेक्ट असं मी मुलांना शिकवते, पण ‘फॉर’ ला अपवाद फार निघतात. एखादा उतारा सोडवून दाखवाल का? (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा)

बाई, अपवाद नाहीत ते, फॉरला या यादीत घालायलाच नको होतं. फॉर फक्त किती वेळ ते सांगतो, तो वेळ संपला की चालू आहे हे तो सांगत नाही. सिन्स सांगतो, कारण त्याची सुरुवात मागं असते आणि शेवट आत्ता. वर्गात हा उतारा देऊन बघा, मी आमच्या भागातला बनवलाय:

‘माय अंकल ___ (लिव्ह) इन सांगली सिन्स 1998. बिफोर दॅट, ही ___ (लिव्ह) इन जत फॉर ट्वेल्व्ह इयर्स. ही ___ (वर्क) इन द टर्मरिक मार्केट फॉर द लास्ट टेन इयर्स. इन ऑगस्ट 2019, फ्लड वॉटर ___ (एंटर) हिज हाऊस. ही ___ (मूव्ह) टू हिज सिस्टर्स हाऊस इन विटा अँड ___ (स्टे) देअर फॉर टू वीक्स. सिन्स देन, ही ___ (कीप) ऑल हिज पेपर्स ऑन द अपर फ्लोअर.’

पहिल्यात सिन्स 1998, काका अजून सांगलीतच, हॅज लिव्हड. दुसऱ्यात फॉर आहे आणि बहुतेक मुलं झटकन हॅज लिव्हड लिहितात, पण वाक्याच्या सुरुवातीला ‘बिफोर दॅट’ आहे, जतची बारा वर्षं 1998 लाच संपली, म्हणून लिव्हड. तिसऱ्यात परत फॉर, पण ‘द लास्ट’ सोबत, टोक आजला लागलं, हॅज वर्क्ड. चौथ्यात इन ऑगस्ट 2019, महापुराचा महिना, सरळ एंटर्ड. पुढं मूव्हड, आणि सहावी जागा खरी परीक्षा. फॉर टू वीक्स दिसतं, पण काका काही अजून विट्यात बसलेले नाहीत, पूर ओसरला आणि ते परत आले, म्हणून स्टेड. शेवटी सिन्स देन, हॅज केप्ट. एकाच उताऱ्यात फॉर तीनदा आला, दोनदा पास्ट आणि एकदा परफेक्ट. हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी मोजलं की यादी आपोआप सुटते. काही हुशार मुलं ‘हॅज बीन लिव्हिंग’ लिहितील, भाषेत ते बरोबरच आहे, पण सूचनेत दोनच काळ दिले असतील तर साधा परफेक्ट लिहायला सांगा.

सिन्सची एक गंमत राहिली. सिन्सच्या मागून छोटं वाक्य आलं तर त्या छोट्या वाक्यात सहसा पास्ट असतो, ‘ही हॅज वर्क्ड हिअर सिन्स ही केम टू सांगली’. मुलं दोन्हीकडं हॅज ठोकतात. आणि ‘सिन्स टेन इयर्स’ ही चूक थांबवायची तर मराठीतला ‘पासून’ आधी बाजूला ठेवा, तो ‘2015 पासून’ लाही चालतो आणि ‘दहा वर्षांपासून’ लाही, इंग्लिशमध्ये पहिल्याला सिन्स आणि दुसऱ्याला फॉर.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘आय जस्ट एट’ बरोबर दाखवतात, पुस्तकात ‘आय हॅव जस्ट ईटन’. कुणाचं ऐकू? (कराड)

दोन्ही बरोबर. अमेरिकन लोक जस्ट, ऑलरेडी, येट सोबत सिंपल पास्ट सर्रास बोलतात, ब्रिटिश वळणात परफेक्ट येतो, आणि आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांचं वळण ब्रिटिश आहे, त्यामुळं पेपरात परफेक्ट लिहून मोकळं व्हायचं. फक्त ‘जस्ट नाऊ’ आलं आणि त्याचा अर्थ ‘आत्ताच, क्षणापूर्वी’ असा असला तर ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’ असा पास्ट लिही. रिसेंटली दोन्हीकडं चालतो, व्यायामात मात्र बहुतेक वेळा परफेक्टच अपेक्षित असतो.

आणि टाइमचा शब्दच नसेल तर? (इस्लामपूर)

मग शेजारचं वाक्य बघायचं, आणि वाक्य कुणाबद्दल आहे ते. ‘व्हाय आर यू क्राइंग? आय ___ (लूज) माय बस पास.’ पहिलं वाक्य आत्ताचं आहे, रडणं चालू आहे, पास अजून मिळालेला नाही, हॅव लॉस्ट. ‘आय ___ (लूज) माय बस पास, बट द कंडक्टर फाउंड इट’, गोष्ट मिटली, लॉस्ट. पेपर काढणारे नेव्हर हा शब्द टाकून चकवतात तोही इथंच येतो. ‘आय हॅव नेव्हर सीन स्नो’ कारण मी अजून आहे आणि उद्या बघू शकतो. ‘माय ग्रँडफादर, हू डाइड इन 1990, नेव्हर सॉ स्नो’, माणूसच राहिला नाही तर आयुष्यभराचा नेव्हरही पास्टमध्ये जातो. ‘यशवंतराव चव्हाण ___ (बिकम) द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र’, साल दिलेलं नाही, यस्टरडे नाही, अगो नाही, तरी उत्तर बिकेम. तसंच ‘खाशाबा जाधव ___ (विन) अ ब्राँझ मेडल इन हेलसिंकी’ लाही वन, 1952 लिहिलेलं असो नाहीतर नसो.