परदेशी शाखेच्या खात्याचा ठराव आणि एक 'ऑर'

प्रश्न: आमची पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. जर्मनीतल्या शाखेचे बँक खाते उघडायला बोर्ड रिझोल्यूशनचा जर्मन अनुवाद मागितला आहे. दीड पानाचाच मजकूर आहे. कोणाकडून करून घ्यावा आणि पानाला साधारण किती पडतात?

'दीड पानाचाच' वाचले आणि लिहायला बसले. माझ्या अठरा वर्षांच्या जर्मन अनुवादाच्या कामात सगळ्यात महागात पडलेला कागद दीड पानाचाच होता.

2017 साल. भोसरीतली एक कंपनी, यंत्राचे सुटे भाग करणारी. श्टुटगार्टजवळ शाखा काढली होती, जागा भाड्याने घेतली होती, माणूसही पाठवून दिला होता. राहिले होते फक्त खाते. त्यांच्या कंपनी सेक्रेटरी साहेबांनी संध्याकाळी ठराव पाठवला आणि उद्या सकाळी हवा म्हणाले. इंग्रजी नेहमीचेच, कुठल्या तरी जुन्या ठरावावरून उचललेले. खाते कोण चालवणार त्याचे वाक्य मात्र असे होते: 'मॅनेजिंग डायरेक्टर अँड फायनान्स डायरेक्टर ऑर ब्रँच मॅनेजर जॉइंटली'.

हे वाक्य दोनदा वाचा. एक अर्थ असा की एमडींची सही हवीच, आणि त्यांच्या जोडीला फायनान्स डायरेक्टर किंवा ब्रँच मॅनेजर यांतला कोणीही एक. दुसरा अर्थ असा की एमडी आणि फायनान्स डायरेक्टर दोघे मिळून, नाहीतर ब्रँच मॅनेजर एकटा. इंग्रजीत दोन्ही बसतात, आणि इंग्रजी वाचणारा प्रत्येक जण आपल्याला हवा तो अर्थ घेऊन पुढे जातो. जर्मन बँकेच्या कागदात ती सोय नाही. दोघांनी मिळून सही करायची असेल तर 'गेमाइनशाफ्टलिश', एकट्याने करायची असेल तर 'आइन्झेल्न', आणि बँकेच्या सहीपत्रकावर प्रत्येक नावापुढे या दोनपैकी एका चौकटीत खूण करावीच लागते.

मी रात्री साडेनऊला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो मॅडम, इतका विचार कशाला करता? जसे आहे तसे करा. शब्दाला शब्द."

जसे आहे तसे होत नव्हते म्हणून तर फोन केला होता! पण मी वाद घातला नाही, आणि इथे माझे चुकले. शेवटी 'जॉइंटली' आहे, म्हणजे सह्या दोन हव्यात, असे मनाशी ठरवून मी पहिला अर्थ घेतला. एमडी कायम, जोडीला दोघांपैकी एक. तसे स्वच्छ, निःसंदिग्ध जर्मन लिहिले आणि शिक्का मारून पाठवून दिले. मुळातला घोळ माझ्या अनुवादात दिसेनासा झाला.

बोर्डाला हवे होते नेमके उलटे. भाडे, वीजबिल, पगार यांसाठी पुण्याहून कोणाची सही मागवायला लागू नये म्हणून ब्रँच मॅनेजरला एकट्याला अधिकार द्यायचा होता. त्याप्रमाणे बँकेच्या पत्रकावर पुणे ऑफिसने त्याच्या नावापुढे 'आइन्झेल्न'वर खूण केली होती. ठरावाचा अनुवाद सांगतो एमडी हवेतच, पत्रक सांगते हा एकटा पुरे. बँकेतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि फाइल बाजूला सारली. त्यांची काही चूक नाही. तिथे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याप्रमाणे कंपनीच्या वतीने येणाऱ्याची ओळख पटवावी लागते आणि त्याला तो अधिकार खरेच आहे का हेही तपासावे लागते.

दुसरी गंमत कोरमची. कंपनीत सात डायरेक्टर. कंपनी कायद्याच्या कलम 174 प्रमाणे एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांत जे जास्त ते. साताचा तिसरा भाग दोन पूर्णांक एक तृतीयांश, अपूर्णांक वर ओढायचा, म्हणजे तीन. बैठकीला तिघेच होते, दोघे पुण्यात आणि एक व्हिडिओवर. व्हिडिओवरचा माणूसही मोजला जातो. म्हणजे कोरम काठावर पण पक्का. मी 'बेश्लुसफेइश' लिहिले होते, म्हणजे सभा निर्णय घेण्यास सक्षम आहे. जर्मनमध्ये कोरमसाठी हाच शब्द चालतो.

पण माझा अनुवाद थेट बँकेत गेला नाही. एका डायरेक्टरांच्या भाच्याने जर्मनचा बी वन केला होता, त्याच्याकडे 'फक्त नजर टाकायला' गेला. त्याला तो शब्द अवघड वाटला. त्याने तिथे 'मेअरहाइट' टाकले, म्हणजे बहुमत. आता कागद म्हणू लागला की आवश्यक बहुमत हजर होते, आणि खाली नावे तीन. सातातले तीन बहुमत कसे, हे बँकेने विचारले तर काय उत्तर देणार? कोरम म्हणजे निर्णय घेण्यापुरती किमान हजेरी, बहुमत म्हणजे हजर असलेल्यांतली मते. तिघे हजर आणि तिघांची मते ठरावाच्या बाजूने, म्हणजे दोन्ही अटी पुऱ्या होत होत्या. कागदावर मात्र एकही दिसत नव्हती.

कोरमचा शब्द माझ्या मूळ फाइलवरून अर्ध्या तासात दुरुस्त झाला. सहीचे वाक्य तसे दुरुस्त होईना, कारण खोट मुळातच होती. मी दुसरा अर्थ घेऊन नवा अनुवाद दिला असता तर बँकेने विचारले असते की एकाच ठरावाचे दोन अनुवाद दोन गोष्टी कसे सांगतात. मग पुन्हा बोर्डाची बैठक, तिला किमान सात दिवसांची नोटीस, नवा ठराव, नवी खरी प्रत, नवा अनुवाद, आणि बँकेच्या रांगेत पुन्हा शेवटून सुरुवात. एकूण सात आठवडे गेले. तोवर त्या बिचाऱ्या मॅनेजरने शाखेचे भाडे स्वतःच्या खात्यातून भरले.

साहेब आजही म्हणतात की मूळ इंग्रजी बरोबर होते आणि चूक अनुवादाची. अर्धे बिल त्यांनी अडवले ते अडवलेच. माझे म्हणणे असे की ठराव म्हणजे अधिकारपत्र असते, आणि मुळात संदिग्ध असलेले वाक्य अनुवादात मी स्पष्ट करते तेव्हा बोर्डाने न दिलेला अधिकार मी देऊन टाकते. ते काम माझे नाही. म्हणून मी तो कागद परत पाठवायला हवा होता. ही चूक मी मान्य करते. रात्री साडेनऊला विचारलेल्या प्रश्नाला 'शब्दाला शब्द' असे उत्तर देणाऱ्याची चूक मात्र ते मान्य करत नाहीत.

तेव्हा तुम्ही अनुवादक शोधण्याआधी तुमचे इंग्रजी नीट करा. सहीचे वाक्य एका ओळीत कोंबू नका. प्रत्येक नावाला स्वतंत्र ओळ द्या, त्यापुढे एकट्याने की कोणाबरोबर, आणि कुठल्या रकमेपर्यंत. खाते उघडण्याच्या करारावर सही कोण करणार आणि नंतर व्यवहार कोण करणार हेही वेगळे लिहा. बँक हे दोन वेगळे अधिकार मानते, आपल्याकडच्या ठरावात ते 'ओपन अँड ऑपरेट' अशा एका दमात येतात. हाच नियम 'जॉइंटली ऑर सेव्हरली'ला. त्याचे 'गेझाम्टशुल्डनेरिश' केलेले मी स्वतः पाहिले आहे. तो शब्द कर्जाच्या कागदातला, सगळ्यांवर मिळून आणि प्रत्येकावर पूर्ण देणे असण्याचा. सहीच्या अधिकारात तो आला की डायरेक्टर मंडळी खात्याच्या देण्याला वैयक्तिक जामीन राहिल्यासारखे वाचले जाते.

अनुवाद हातात आला की जर्मन येत नसले तरी दोन शब्द शोधा. तुमच्या शाखेला 'त्स्वाइगनीडरलासुंग' म्हटले पाहिजे. 'टोख्टरगेझेलशाफ्ट' दिसले तर परत पाठवा, कारण ती उपकंपनी, म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती, आणि मग बँक विचारते की खातेदार नक्की कोण. शाखेचे खाते हे तुमच्या भारतातल्या कंपनीचेच खाते असते. दुसरे, कंपनी सेक्रेटरीचे 'सेक्रेटेरिन' झाले आहे का पाहा. तो ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाईंसाठीचा शब्द आहे, आणि ठरावाच्या खऱ्या प्रतीवर टायपिस्टची सही कशाला, असा प्रश्न येतो. (आमच्या साहेबांना मी हे कधी सांगितले नाही. मोह बराच झाला होता.)

शाखेची नोंद जर्मन व्यापारी रजिस्टरमध्ये होते तेव्हा शाखेच्या कायम प्रतिनिधीचे नाव आणि त्याचे अधिकार तिथे लिहिले जातात. बँक तो उतारा मागते. ठराव, उतारा आणि सहीपत्रक, तिन्हींत त्या माणसाचा अधिकार एकमेकांशी जुळतो का हे स्वतः बसून पाहा. अनुवादकाकडे बहुतेक वेळा तिघांपैकी एकच कागद येतो.

आता कोणाकडून. बँकेने प्रमाणित अनुवाद म्हटले असेल तर जर्मन न्यायालयाने शपथ दिलेला अनुवादक लागतो. पुण्यातल्या माझ्यासारखीचा शिक्का तिथे कितीही सुबक असला तरी त्या अर्थाने चालत नाही. 2017 मध्ये त्या बँकेला साधा अनुवाद पुरला होता, रजिस्टरसाठी मात्र तिकडच्या अनुवादकाकडूनच करावे लागले. justiz-dolmetscher.de वर तिथल्या न्यायखात्याची अधिकृत यादी आहे, भाषा निवडून शोधता येते. पैशांचे म्हणाल तर तिकडे हिशोब पानावर नसतो, 55 अक्षरांची एक ओळ धरून ओळींवर असतो. शिक्क्याचे वेगळे घेतात का आणि किमान आकार किती, तेवढे आधी विचारून घ्या.

आणि हे सगळे लिहून झाल्यावर सांगायचे म्हणजे, मी वकील नाही. कोरमचा जो हिशोब वर दिला तो कायद्याचा किमान आहे. तुमच्या आर्टिकल्समध्ये त्याहून जास्त लिहिलेला असू शकतो, आणि मग तोच धरायचा. शिवाय ठराव बैठकीत न होता सर्क्युलेशनने झाला असेल तर कोरमचे वाक्य मुळातूनच काढा. बैठकच झाली नाही तर हजर कोण होते?

बँकेला आधी एकदा विचारून तर घ्या, कदाचित इंग्रजी ठरावच चालत असेल. तसे असले तरी ते सहीचे वाक्य मात्र सोडू नका.